तेराव्यानंतरचं घर : जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या वर्षभरासाठी

माणूस गेल्यावर पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. कोण चहा करतंय, कोण गुरुजींना फोन लावतंय, शेजारून पिठलं-भात येतोय. चौदाव्या दिवशी दारातल्या चपला कमी होतात, आणि दुःखाशी खरी गाठ बहुतेकांची तिथून पुढे पडते. नेमकं तेव्हाच विचारायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंत काय काय होऊ शकतं, त्यातलं काय नेहमीचं आणि कशासाठी मदत घ्यायची, हे इथे क्रमाने सांगितलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर धरू. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बासष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक रात्री झोपेत गेले. मागे पत्नी, वय ५८, मधुमेहाच्या गोळ्या चालू. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला सहा वर्षांचा मुलगा. मुलगी नागपूरला दिलेली. घर उदाहरणापुरतं रचलेलं आहे, पण असं घर प्रत्येक आळीत सापडेल.

पहिले तीन दिवस : आधी शरीर सांभाळा

या दिवसांत पुष्कळांना रडूच येत नाही. बाई भिंतीला टेकून बसलेली असते, कोण आलं कोण गेलं तिला कळत नाही, मध्येच ती विचारते, "दूध तापवलं का?" याला बधिरपण म्हणतात. एवढा मोठा धक्का मन एकदम आत घेत नाही, थोडा थोडा घेतं. "अजून रडली नाही, रडवा तिला" असं म्हणत तिला गदागदा हलवणं, मुद्दाम आठवणी काढणं, हे करू नका. रडू आलं तर थांबवायचं नाही, नाही आलं तर आणायचं नाही.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, घशात आवंढा, हातपाय गळून जाणं, भूक मरणं, हेही होतं. घोटाळा इथेच होतो, कारण खरं दुखणंसुद्धा दुःखाच्या खाती जमा केलं जातं. आपल्या उदाहरणातल्या काकूंनी सकाळी सवयीने साखरेची गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांवर असं झालं की साखर खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतं. भोवतालच्यांना वाटतं धक्का बसलाय, आणि ते तळपाय चोळत बसतात. शुद्ध असेल, गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या, आणि सावरल्यावर पोळी-भात काहीतरी खायला घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, हे दिसलं तर "धक्क्याने होतंय" म्हणून थांबू नका. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखर वाढतो. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक वेगळा विकारही आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तिथल्या अष्टपद धरायच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो नाव पडलं. तो झटक्यासारखाच दिसतो, आणि दोहोंतला फरक घरी बसून कळत नाही. रुग्णालयात जायलाच हवं.

म्हणून पहिल्याच दिवशी एका माणसाकडे एवढंच काम द्या : घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या, पाणी आणि खाणं. तो माणूस शक्यतो सुनेसारखा आधीच दहा कामांत गुंतलेला नको, शेजारची एखादी मावशी चालेल. दुसऱ्या माणसाकडे कागदपत्रं द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. हे काम पत्नी-मुलावर सोडलं तर राहून जातं, कारण या दिवसांत साध्या फॉर्मवरची ओळसुद्धा दोनदा वाचावी लागते.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. "माझ्याकडची अर्धी घे, शांत झोप लागेल" असं म्हणून शेजारीण प्रेमाने देते. पण या गोळ्यांची सवय लागते, उतारवयात तोल जाऊन माणूस पडतं, आणि दोन महिन्यांनी दुःख तिथेच असतं, वर गोळी सुटत नाही. अगदीच लागली तर डॉक्टरांनी, घेणाऱ्याच्याच नावाने, मोजक्या दिवसांसाठी लिहून दिलेलीच घ्यायची.

नातवाला काय सांगायचं

सहा वर्षांच्या मुलाला "आजोबा झोपलेत" सांगितलं तर त्याला झोपेची भीती बसते. "देवाघरी गेलेत" म्हटलं तर तो परत कधी येणार ते विचारतो. साध्या शब्दांत सांगा : "आजोबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत." मग थांबा आणि तो काय विचारतो ते ऐका. तो पाच मिनिटं रडेल आणि लगेच खेळायला जाईल. मुलं डबक्यात पाय बुडवून बाहेर यावं तसं दुःख करतात. त्याला प्रेम नव्हतं असा त्याचा अर्थ नाही. तो पुन्हा अंथरूण ओलं करू लागला, आईला सोडेना, तर काही आठवडे रागवू नका. "मी त्यांच्यावर ओरडलो म्हणून ते गेले का?" हा प्रश्न पुष्कळ मुलांच्या मनात असतो आणि तोंडावर येत नाही. न विचारता सांगून टाका की त्याच्यामुळे काही झालेलं नाही.

राख सावडण्यापासून तेराव्यापर्यंत

विधी माना किंवा मानू नका, त्यांनी एक काम निश्चित होतं. जे मनाला पटत नाही ते ते हातांना करायला लावतात. राख सावडताना मुलगा दूध-पाणी शिंपडतो, अस्थी वेचून मडक्यात ठेवतो, तेव्हा वडील नाहीत हे त्याला पहिल्यांदा बोटांतून कळतं. म्हणून मुलीला जावंसं वाटत असेल तर तिलाही जाऊ द्या. जाऊ न दिल्याची खंत पुढे वर्षानुवर्षं राहते.

दहाव्याला मात्र जपायला हवं. घाटावर पिंड मांडलाय, सगळे दूर उभे आहेत आणि कावळा शिवत नाही. पाच मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी म्हणतं, "काहीतरी इच्छा राहिली असणार." मग पिंडाकडे पाहून शब्द दिले जातात : आईला पुण्याला नेतो, जमिनीचा वाद मिटवतो, धाकटीचं लग्न यंदा करतो. आधीच "त्या रात्री दवाखान्यात न्यायला हवं होतं" या विचाराने पोखरलेल्या मुलाच्या मनात ही वीस मिनिटं रुतून बसतात. वर्षभराने समुपदेशकासमोरही तो हेच सांगतो : "बाबांना कावळा शिवला नाही."

त्याला साधी कारणं असतात. ज्या घाटावर सकाळपासून पिंड मांडले जातात तिथले कावळे पोट भरून बसलेले असतात. माणसं पिंडाच्या फार जवळ उभी असली तर पक्षी खाली उतरत नाही. काही ठिकाणी कावळेच कमी झाले आहेत. परंपरेनेही वाट ठेवली आहे : दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला की विधी पूर्ण होतो. गुरुजींना आधीच सांगून ठेवा की अमुक वेळ वाट पाहू आणि मग दर्भ लावू. गर्दीतल्या कुणाला "इच्छा राहिली" म्हणू देऊ नका. आणि पिंडासमोर भरात दिलेला शब्द महिन्याभराने, शांतपणे, पुन्हा तपासला तर त्यात पाप नाही.

प्रत्येक घराची रीत वेगळी. मुस्लिम घरांत तिसऱ्या दिवशी जियारत आणि पुढे चाळिसावा असतो, आणि पत्नी चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. त्या काळात तिला भेटायला बायका नियमाने येत राहिल्या तर तोच काळ आधाराचा होतो, नाहीतर एकटेपणाचा. बौद्ध घरांत जलदान आणि पुण्यानुमोदन असतं, ख्रिस्ती घरांत महिन्याची मिस्सा आणि २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. कुणाला काहीच विधी करायचे नसतील तरी एक ठरवून केलेला निरोप हवा. फोटोसमोर दिवा आणि प्रत्येकाने सांगितलेली एक आठवण, एवढंही पुरतं. निरोपच झाला नाही तर पुढे अडखळायला होतं.

पत्नीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं याबद्दल घरच्यांनी आधी बोलून घ्यावं. त्या क्षणी तिला नकार द्यायचं बळ नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मुलगा किंवा दीर यांपैकी एकाने पुढे होऊन "आमच्या घरी हे होणार नाही" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा निभतं.

चौदाव्या दिवसापासून

आता बधिरपण ओसरतं आणि दुखायला लागतं. पुष्कळांना वाटतं, "मी सावरत होते, आता उलट खचतेय." उलट काही होत नसतं, गुंगी उतरल्यावर जखम कळते तसं हे आहे.

काकू सकाळी दोन कप चहा ठेवतात आणि एक बेसिनमध्ये ओततात. संध्याकाळी साडेसहाला त्यांना फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते. एकदा तर त्यांनी हाक ऐकली. हे त्या कुणाला सांगत नाहीत, कारण वेड लागलं म्हणतील ही भीती. १९७१ मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरने २९३ विधवा आणि विधुरांना याबद्दल विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी जोडीदार जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा ऐकू आल्याचा अनुभव सांगितला. त्यातल्या बहुतेकांनी तो आधी कुणाला सांगितला नव्हता. पुष्कळांना त्याने बरं वाटायचं. हा आजार नाही. आवाज दुसऱ्याच कुणाचे असतील, ते हुकूम देत असतील, "तूही ये" म्हणत असतील, तर मात्र लगेच डॉक्टर.

रागही येतो. डॉक्टरवर, देवावर, "सांगत होते तपासून घ्या" म्हणून गेलेल्या माणसावरसुद्धा. लांबलेल्या आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटतं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटते. गॅस चालू राहतो, किल्ली सापडत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. दुःखाच्या पाच टप्प्यांचा जो तक्ता सगळीकडे फिरतो तो मुळात स्वतः मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून १९६९ मध्ये मांडला गेला. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या ओळीने चढाव्यात असं काही नाही. प्रत्यक्षात माणूस झोके घेत राहतं : सकाळी फोटोसमोर रडतं, दुपारी वीजबिल भरतं, संध्याकाळी टीव्हीवर हसतं आणि हसल्याबद्दल स्वतःला दोष देतं. दोन्ही बाजूंना जाणं हेच सावरणं. फक्त एकीकडेच अडकून पडलं तर चिंता.

या काळात करण्यासारखं थोडंच आहे, पण ते नेमाने करावं लागतं. उठण्याची वेळ, दोन वेळचं जेवण आणि दिवसातून एकदा उंबऱ्याबाहेर पडणं, मग ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत का असेना. एवढं सांभाळलं तरी झोप हळूहळू रुळावर येते. नातेवाइकांनी तेराव्याला पन्नास जणांनी येण्यापेक्षा पंधराव्या दिवसापासून दोन महिने वाटून घ्यावं : मंगळवारी भाची, शुक्रवारी जाऊ. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, ती सांगणार नाही. "उद्या दहाला येतो, बँकेत जाऊ" असं म्हणा. "सुटले बिचारे", "वय झालंच होतं", "तू खंबीर राहा" हे टाळा. मुलाला "आता तूच कर्ता" म्हणणारे वीस जण असतात, "तुझेही बाबा गेले" म्हणणारा एखादाच. तो एखादा तुम्ही व्हा.

तीन गोष्टींत घाई नको. कपाट तेराव्याला रिकामं करू नका, ते काकूंनी त्यांच्या वेळेला उघडायचं आहे, आणि एक सदरा ठेवून घेतला तर काही बिघडत नाही. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. आधी आवाजाचे संदेश, फोटो, व्हिडिओ दुसरीकडे उतरवून घ्या, विम्याचे आणि हप्त्यांचे निरोप पाहून घ्या. पुढे आवाज ऐकावासा वाटतो आणि तो परत मिळवता येत नाही. तिसरं, आईला सामानासकट पुण्याला नेऊन गावचं घर बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांसाठी न्या, परतीचं तिकीट आधीच काढा. घर विकणं, कायमचं हलणं असले न फिरणारे निर्णय शक्य असेल तर वर्षभर लांबवा.

कॅलेंडरवर काही तारखांना आधीच खूण करून ठेवा : पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला पितृपक्ष, वर्षश्राद्ध. त्या दिवसाच्या आठवडा-दोन आठवडे आधीपासून झोप उडते, चिडचिड होते, आणि कारण लक्षात येत नाही. त्या दिवशी कोण सोबत असेल, काय करायचं, हे आधी ठरवलं की दिवस पार पडतो. पहिल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जाण्याची आपली रीत चांगली आहे. डबा देऊन दारातून परतू नका, तासभर बसा.

समुपदेशकाकडे कधी

प्रत्येक दुःखी माणसाला समुपदेशन लागत नाही. माणसं, वेळ आणि नेम मिळाला तर बहुतेकजण सावरतात. सगळ्यांना सरसकट पाठवल्याने विशेष फायदाही दिसलेला नाही. पण काही वेळी थांबायचं नसतं.

त्याच दिवशी मदत घ्यायची ती आत्महत्येच्या विचारांसाठी. "मलाही घेऊन जा" हे पुष्कळजण म्हणतात. ते नुसतं भेटीची ओढ आहे की बेत, हे विचारल्याशिवाय कळत नाही. सरळ विचारा : "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं करायचं तेही ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा शेजारी नेऊन ठेवा, आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२. घरात आत्महत्येने, अपघाताने मृत्यू झाला असेल, मूल गेलं असेल, किंवा आधी नैराश्याचा आजार होऊन गेला असेल, तर पहिल्या महिन्यातच एकदा भेटून यावं.

काही आठवड्यांतच जायचं ते नैराश्य दिसलं तर. दुःख लाटांनी येतं, मधल्या वेळात नातवाच्या बोलण्यावर हसू येतं, आणि रडणं त्या माणसासाठी असतं. नैराश्यात लाट ओसरतच नाही. दोन आठवडे रोज, दिवसभर मन काळवंडलेलं, कशातच गोडी नाही, वजन उतरतंय, आणि "मीच टाकाऊ आहे, मी कुणाच्या कामाची नाही" असा सूर. दारू वाढणं हीसुद्धा त्याचीच खूण, पुरुषांत तर पुष्कळदा ती एकटीच दिसते.

तिसरं ओळखायला अवघड असतं, कारण ते हळू होतं. काकूंचं उदाहरण पुढे नेऊ. दुसऱ्या महिन्यात त्या दोन कप चहा ठेवत होत्या, तेव्हा काळजी नव्हती. आठव्या महिन्यातही रोज काकांचं ताट वाढलं जातं. काकू देवळात जात नाहीत, कारण वाटेत काकांची शाळा लागते. "ते गेले" हे वाक्य त्या म्हणत नाहीत. मुलीचा फोन उचलत नाहीत, साखर तपासायला जात नाहीत, "मी म्हणजे त्यांची बायको, दुसरी कोण आहे मी?" म्हणतात. असं रोज, तीव्रतेने, सहा महिन्यांहून जास्त चाललं आणि जगण्याचे व्यवहार अडले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला लांबलेल्या दुःखाचा विकार म्हटलं आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची सूची प्रौढांसाठी एक वर्ष धरते. महिने मोजण्यापेक्षा हे पाहा : तिसऱ्या महिन्यापेक्षा आठव्यात जगण्याची एखादी तरी बाजू मोकळी झाली आहे का? नसेल तर जायचं. नुसतं वर्षश्राद्धाला रडू येणं किंवा पाच वर्षांनी फोटो पाहून डोळे भरणं म्हणजे विकार नव्हे.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, मानसोपचारतज्ज्ञ गोळ्याही लिहून देऊ शकतात. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. कोण गेलं, कसं गेलं, आधीचं आयुष्य कसं होतं, झोप-जेवण कसं आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे विचारतात. जाताना चालू गोळ्यांची यादी आणि मृत्यूची तारीख एका कागदावर लिहून न्या, ऐन वेळी आठवत नाही. लांबलेल्या दुःखासाठीची एक तपासून पाहिलेली पद्धत सोळा भेटींची आहे. तीत त्या रात्रीची हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि टाळलेल्या जागांकडे थोडं थोडं जाणं असतं. काकूंच्या बाबतीत आधी शाळेच्या कोपऱ्यापर्यंत मुलीसोबत, मग फाटकापर्यंत, मग एकटीने. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर जास्त रडू येऊ शकतं, तिथे सोडून देऊ नका. चार भेटींनंतरही समोरचा नुसता सल्ले देतोय, ऐकत नाही, असं वाटलं तर दुसऱ्याकडे जा.

"आई, तू वेडी नाहीस, पण डॉक्टरकडे चल" असं म्हटलं की ती नाही म्हणते. "आई, तुला झोप नाही आणि साखर वाढलीय, दोन्ही दाखवून येऊ, मी सोबत आहे" म्हटलं तर ती बहुधा चप्पल घालते.